उशिरा येणाऱ्या मदतनिसाला पहिले ताकीदपत्र

इतवारीत तुमचे दुकान नवे आहे आणि मदतनीसही पहिलाच, म्हणून सांगतो की पत्र लिहायला बसण्याआधी हजेरीवही उघडा. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ असे लिहिलेत, तर तो ‘कधी?’ असे विचारील. मात्र ‘ठरलेली वेळ सकाळी 9.30 असताना आपण 3 जूनला 10.10 वाजता, 6 जूनला 9.55 वाजता आणि 11 जूनला 10.20 वाजता आलात’ असे लिहिल्यावर वादाला जागा उरत नाही. ‘आळशी’, ‘बेजबाबदार’ हे शब्द तर रागाच्या भरात हमखास येतात. ते खोडून टाका, कारण पत्र वेळेबद्दल आहे, स्वभावाबद्दल नाही.

पत्रापूर्वी कारण विचारा. माझा मदतनीस कामठीहून बसने येत असे. त्याची वेळ 10 केली, संध्याकाळी अर्धा तास वाढवला आणि पत्राची गरजच पडली नाही.

तरीही पत्र द्यावे लागले, तर अपेक्षा अशा लिहा:

- 16 जूनपासून 9.30 ला हजर राहावे.
- उशीर होणार असल्यास 9.15 पूर्वी फोन करावा.
- चार आठवड्यांत पुन्हा विनासूचना उशीर झाल्यास दुसरे लेखी पत्र मिळेल.

अर्ध्या तासाच्या उशिरासाठी दिवसाचा पगार कापण्याची धमकी देऊ नका. जेवढा वेळ काम झाले नाही, त्याहून अधिक कपात योग्य नाही. पत्र गिऱ्हाइकांसमोर न देता बाजूला बसवून वाचून दाखवा आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी तारखेसह सही घ्या.