Alt+Tab केल्यावर स्क्रीन काळी होते: दोष डीएससीचा आहे का, हे कसं ओळखायचं

प्रश्न: माझा १४४०पी, २४० हर्ट्झचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडलाय. गेममधून Alt+Tab केलं की दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी होते. डीएससीमुळे, म्हणजे चित्राचा डेटा कॉम्प्रेस करून मॉनिटरकडे पाठवण्याच्या तंत्रामुळे होतं म्हणतात. खात्री कशी करायची? केबल बदलू का?

उत्तर:

केबल राहू द्या. आधी गेममध्ये Borderless Windowed निवडून पुन्हा Alt+Tab करून पाहा. काळं होणं थांबलं तर केबलवरचा संशय जवळपास मिटला, कारण खराब केबल विंडो बदलायची वाट बघत नाही. तिच्यामुळे खेळता खेळता मध्येच कधीही स्क्रीन जाते.

एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये डिस्प्लेचा ताबा गेमकडे असतो. बाहेर पडताना डिस्प्ले मोड नव्याने लावला जातो. त्यात डीएससी चालू असेल तर कार्ड आणि मॉनिटरला कॉम्प्रेशनची जुळणीही पुन्हा करावी लागते आणि ती होईपर्यंत चित्र येत नाही. पण गेम १४४ हर्ट्झवर आणि डेस्कटॉप २४० वर असेल तर डीएससी नसतानाही स्क्रीन क्षणभर जाणारच. म्हणून चाचणीआधी दोन्हीकडे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट सारखाच ठेवा, नाहीतर निष्कर्ष फसवा निघेल.

आता तुमच्या मॉनिटरचा हिशेब. २५६० × १४४० × २४० × ३० बिट, म्हणजे १०-बिट रंगात नुसत्या पिक्सेलनाच सुमारे २६.५ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. डिस्प्लेपोर्ट १.४ वर प्रत्यक्ष डेटासाठी मिळतात २५.९२. म्हणजे तिथे डीएससीशिवाय गत्यंतर नाही. ८-बिटला हाच आकडा २१.२ च्या आसपास येतो, त्यामुळे डीएससीची गरज उरत नाही. १४४ हर्ट्झला तर १०-बिटही १६ च्या आत बसतं.

मात्र नुसता रिफ्रेश रेट उतरवून काही सिद्ध होत नाही. गरज नसतानाही डीएससी चालूच राहू शकतं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत DSC चा पर्याय असेल तर तो बंद करा. बऱ्याच मॉनिटरवर त्यानंतर वरचे रिफ्रेश रेट यादीतून गायब होतात. मग डेस्कटॉप आणि गेम दोन्ही १४४ वर, एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये ठेवून Alt+Tab करा. त्यानंतर बाकी काही न बदलता फक्त डीएससी परत चालू करा. बंद असताना लगेच चित्र येतं आणि चालू केल्यावर पुन्हा काळं होतं, असं दिसलं तर कारण सापडलं.

स्क्रीन काळी न होता नुसता उजेड कमी-जास्त होत असेल तर मामला वेगळा. तेव्हा आधी व्हेरिएबल रिफ्रेश रेट बंद करून बघा, विशेषतः तो विंडोतल्या प्रोग्रामनाही लागू केला असेल तर.

डीएससीच निघालं तर मी ते चालू ठेवून Borderless वापरेन. २४० हर्ट्झ आणि १०-बिट दोन्ही राहतात, आणि डीएससीमुळे चित्रात पडणारा फरक नेहमीच्या वापरात डोळ्यांना जाणवत नाही. एखादा गेम Borderless देतच नसेल, तर डीएससी बंद करून १४४ वर खेळा.