फोन आपोआप टच होतोय? डिस्प्ले बदलायच्या आधी एवढं बघा

प्रश्न: नाशिकलाच असतो. फोन हात न लावता आपोआप चालतो, मधेच कॉल लागतो, टाइप करताना भलतीच अक्षरं पडतात. एम. जी. रोडला एका दुकानात दाखवला तर म्हणाले डिस्प्ले गेला, ३८०० लागतील. खरंच डिस्प्ले गेलाय का सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, कसं ओळखायचं?

अजून पैसे देऊ नका. मी सिडकोत आठ वर्षं रिपेअरिंगच्या बेंचवर बसतो, आणि असा फोन आला की मी पहिलं एवढंच विचारतो की चार्जिंगला लावलेला असताना होतं का, का चार्जर काढल्यावर पण होतं? तुम्ही हे लिहिलेलं नाहीये, आणि निम्मा निकाल इथेच लागतो.

मागच्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एक काकू आल्या होत्या, त्यांचं अगदी तुमच्यासारखंच. "दादा, रात्री आपोआप भाच्याला व्हिडिओ कॉल लागतो हो, तो बिचारा झोपेतून उठतो." त्यांनाही आधी एका ठिकाणी कॉम्बो, म्हणजे टचसकट अख्खा डिस्प्ले, बदलायला सांगितलेलं, ३४०० रुपये. मी फोनचं कव्हर काढलं, टेम्पर्ड ग्लास काढली, स्क्रीन कोरड्या फडक्याने पुसली, आणि फोन लाकडी टेबलावर उताणा ठेवून दिला. ठेवायच्या आधी दोन गोष्टी चालू केल्या, त्या तुम्ही घरी पण करू शकता. सेटिंगमध्ये About phone मध्ये जाऊन Build number वर सात वेळा टॅप करायचं (काही फोनमध्ये त्याऐवजी व्हर्जनच्या नावावर करावं लागतं), मग Developer options उघडतं, त्यात Show taps आणि Pointer location चालू करायचं. आता स्क्रीनला जिथे जिथे टच लागेल तिथे पांढरा ठिपका उमटतो, आणि वरच्या पट्टीत P: 0 / 1 असं काहीतरी दिसतं. त्यातला पहिला आकडा म्हणजे आत्ता किती बोटं लागलीत, दुसरा म्हणजे ह्या खेपेला एका वेळी जास्तीत जास्त किती लागली. तुम्ही एकच बोट ठेवलंय तर P: 1 / 1 दिसायला पाहिजे.

वीस मिनिटं फोन तसाच पडून होता. एक ठिपका नाही. माझा चार्जर लावला, तरी नाही. काकू म्हणाल्या "घरी होतं ना पण!" म्हटलं काकू मग घरचा चार्जर घेऊन या. दुसऱ्या दिवशी आणला, मेनरोडवरून दीडशे रुपयाला घेतलेला दोन पिनचा, ओरिजिनल खराब झाल्यावर घेतलेला. तो लावला आणि फोन परत टेबलावर ठेवला, तरी स्क्रीन शांतच. मग म्हटलं आता हातात घ्या आणि एक बोट स्क्रीनवर ठेवून हळूहळू फिरवा. आणि लगेच काकूंच्या बोटाखाली एक ठिपका, त्याच्या बरोबर वर एक आणि खाली एक, तिन्ही एका सरळ रेषेत, वर P: 3 / 3. चार्जरची पिन काढून परत बोट ठेवलं की P: 1 / 1, पिन लावली की परत तीन. काकू झोपताना चार्जिंगला लावून व्हिडिओ बघत स्क्रोल करायच्या, आणि ते जास्तीचे टच कुठेतरी कॉलच्या बटणावर पडायचे. चांगला चार्जर घेतला आणि विषय संपला, डिस्प्लेला कुणी हात लावला नाही.

हे असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे तुम्हाला स्वतःलाच ओळखता येईल. टच म्हणजे काचेखाली न दिसणाऱ्या उभ्या आडव्या तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विजेचा साठा अगदी किंचित बदलतो आणि टचची चिप सेकंदाला कितीतरी वेळा सगळ्या तारा तपासून तो बदल शोधत असते. आता हलक्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाट, म्हणजे नॉइज, नीट गाळलेला नसतो आणि दोन पिनला अर्थिंग पण नसतं, त्यामुळे चार्जिंगला लावला की अख्खा फोनच विजेच्या हिशोबाने वरखाली हिंदकळत राहतो. एकटा पडलेला असेल तर त्याला ते कळत नाही, होडीत बसल्यावर होडीतल्या सगळ्याच वस्तू सोबत हलतात तसं. पण होडीतून काठावरच्या माणसाचा हात धरला की मग धक्का लागतो ना, तसा तुमचा हात म्हणजे काठावरचा माणूस, कारण तुमचं अंग जमिनीला टेकलेलं. त्यामुळे तो नॉइज बोटाच्या जागेवरूनच आत शिरतो आणि बोटाखालून जी तार जाते त्या अख्ख्या तारेवर चिपला खोटे टच दिसायला लागतात. म्हणून खूण लक्षात ठेवा: चार्जर लावलेला, बोट लागलेलं, आणि जास्तीचे ठिपके बोटाच्या उभ्या किंवा आडव्या रेषेत. असं दिसलं की आधी चार्जर आणि केबल बदला, आणि शक्य असेल तर फोन पॉवरबँकेवर लावून बघा, तिथे भिंतीतला करंटच नसतो त्यामुळे नॉइजचा संशय लगेच खरा-खोटा होतो. (पॉवरबँक त्या वेळी स्वतः चार्जिंगला लावलेली नको.)

आता चार्जर नाही, हात नाही, कव्हर ग्लास काढलेली, स्क्रीन कोरडी, तरी ठिपके उमटतायत, असं असेल तर जागा बघा. ऑटो रोटेट चालू करून गॅलरीसारखं आडवं होणारं ॲप उघडा आणि फोन आडवा करा. काचेतला, डिस्प्ले बोर्डला जोडणाऱ्या पट्ट्यातला किंवा टचचा दोष असेल तर ठिपके काचेच्या त्याच जागेवर राहतात, म्हणजे आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्याजवळ येत होते तर फोन आडवा केल्यावर पण कॅमेऱ्याजवळच येणार. जर ठिपके किंवा आपोआप होणारी कामं स्क्रीनवरच्या चित्रासोबत फिरत असतील तर ते एखादं ॲप करतंय. ही टेस्ट मी कायम करतो कारण ह्याला काही लागत नाही आणि गिऱ्हाइकाला पण डोळ्यांनी दिसतं.

एकाच जागी ठिपके येत असतील तर फोन टेबलावर ठेवून बाजूने बघा, मागचं झाकण किंवा स्क्रीन मधेच किंचित उचललीय का. बॅटरी फुगली की ती डिस्प्लेला आतून दाबते आणि तिथे टच लागतच राहतो. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, सरळ दुकानात न्यायचा, आणि तिथे पहिलं काम बॅटरीचं, डिस्प्लेचं नंतर बघू. पावसात भिजलेला फोन असेल तर मात्र बंद करून एक दोन दिवस कोरड्या जागी राहू द्या मगच निकाल लावा. आणि सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी वाढवलेली असेल (जाड ग्लास लावल्यावर बरेच जण वाढवतात आणि विसरतात) तर ती बंद करा, दमट हवेत तेवढ्याने पण उगाच टच लागतात.

सॉफ्टवेअरच्या बाजूला काय बघायचं तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा, त्यात तुम्ही टाकलेली सगळी ॲप बंद राहतात. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेनूमधल्या बंद करायच्या बटणावर बोट दाबून धरलं की विचारतो. तिथे अर्धा तास काही झालं नाही आणि नेहमीच्या मोडला लगेच होतं, तर Accessibility मध्ये जाऊन कुठल्या ॲपला परवानगी दिलीय ते बघा. ऑटो क्लिकर, स्क्रीन लांबून चालवायची ॲप, असली सगळी तिथूनच टॅप करतात. त्यात तुम्ही न टाकलेलं काही दिसलं, किंवा बँकेचं ॲप आपोआप उघडत असेल, तर आधी नेट बंद करा, परवानगी काढा, ॲप उडवा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

कॉम्प्युटर येत असेल तर एकच कमांड पुरते. USB debugging चालू करून फोन लॅपटॉपला जोडा, पण लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर त्याचाच नॉइज फोनमध्ये शिरतो आणि तुम्ही फसता:

```
adb shell getevent -l
```

फोनला हात न लावता बघत बसा. स्क्रीन आपोआप चालली त्याच क्षणी इथे `ABS_MT_POSITION_X` अशा ओळी पडल्या तर तो टच टचच्या चिपकडूनच आलाय. स्क्रीन चालली पण इथे काहीच आलं नाही तर ते काम ॲपचं, डिस्प्ले बदलून ते जाणार नाही. पण उलटं धरू नका हं, ओळी पडल्या म्हणजे डिस्प्ले गेलाच असं नाही. ओलावा, फुगलेली बॅटरी, चार्जर, एवढंच काय अपडेटमध्ये बिघडलेलं टचचं फर्मवेअर, हे सगळं त्याच वाटेने येतं. म्हणून वरचं सगळं आधी करायचं. आणि कुणी "सॉफ्टवेअर मारून बघू" म्हणालं तर ही टेस्ट झाल्याशिवाय आणि फोटो-कॉन्टॅक्टचा बॅकअप घेतल्याशिवाय हो म्हणू नका, ओळी पडतायत आणि जागा तीच आहे तर फोन रिसेट करून फक्त डेटा जाईल.

शेवटी खरंच डिस्प्लेवर आलं तर दुकानात दोन गोष्टी मागा. एक, आधी फोन उघडून जुन्याच डिस्प्लेचा कनेक्टर काढून साफ करून परत बसवायला सांगा, पडलेल्या फोनमध्ये बऱ्याचदा तो नुसता सैल झालेला असतो. दुसरं, नवीन कॉम्बो चिकटवायच्या आधी नुसता कनेक्टरला लावून बाहेर ठेवायला सांगा, Show taps चालू करून दहा मिनिटं तुमच्यासमोर, त्यातली पाच मिनिटं तुमच्या घरच्या चार्जरवर बोट फिरवून. बाजारात कॉपी कॉम्बो असे येतात की नवीनच असून टच आपोआप चालतो, आणि एकदा गोंद लागला की परत घ्यायला कुणी तयार होत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर फोन घेऊन बाहेर पडा, एम. जी. रोडला पुढचं दुकान चार पावलांवर आहे.

चार्जरचं करून बघा आणि ठिपके कुठे आले, एका रेषेत का एकाच जागी, ते इथे खाली लिहा, पुढचं मी सांगतो.