बदलीची ओळ आधी काढ

ताई, मी गोव्यातल्या साखळी गावी एका सहकारी बँकेच्या शाखेत आहे. आमचे विभागीय व्यवस्थापक उपसरव्यवस्थापक झाले. अभिनंदनाचा मेल तीनदा लिहिला. एकदा परिपत्रकासारखा झाला, एकदा फारच सलगीचा. मार्चअखेरीला सस्पेन्स खात्याचा ताळा लागत नव्हता, तेव्हा सर रात्रीपर्यंत आमच्यासोबत बसले होते, त्यामुळे आनंद मनापासूनचा आहे. शेवटी फोंड्याला बदली मिळावी म्हणून फक्त एक ओळ घातली आहे. सूर कसा साधू?
— साखळीची वाचक

अगं, ती "फक्त एक ओळ" आधी काढ. तुझा सूर तिथेच बिघडतोय. मागणं मनात असलं की माणूस आधी अर्जाची भाषा लिहितो, मग ती झाकायला गोड होतो. सर शेवटची ओळ वाचतील आणि वरचं सगळं कौतुक त्या बदलीसाठीच होतं, असं धरून चालतील. शिवाय बदलीही अडेल, कारण अभिनंदनाचा मेल कोणी आस्थापना विभागाकडे पाठवत नाही. उत्तरात "आभारी आहे" येईल आणि विषय तिथेच मिटेल.

आता मेल. औपचारिकपणा विषय, मायना आणि सही एवढ्यातच ठेव, बाकी जागा त्या मार्चच्या रात्रीला दे. असा लिही:

विषय: पदोन्नतीबद्दल अभिनंदन

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार. उपसरव्यवस्थापकपदाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. मार्चअखेरीला सस्पेन्सचा ताळा लागत नव्हता, तेव्हा तुम्ही आमच्याबरोबर बसून एकेक व्हाउचर पाहिलंत. तेव्हापासून मी रोजची नोंद त्याच दिवशी जुळवते. नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा.
आपली विश्वासू,
(नाव, साखळी शाखा)

एवढं पुरे. "आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली" हे कुणालाही चालतं, म्हणून ते कोरडं वाटतं. व्हाउचरचं वाक्य फक्त त्यांनाच लागू आहे. "या पदाला तुम्हीच लायक होता" असंही नको. लायकी वरच्याने ठरवायची असते, तू त्यांच्याकडून काय शिकलीस एवढंच सांग. मजकुरात "तुम्ही" धरलंस की "आपण"वर घसरू नकोस; सहीतलं "आपली विश्वासू" हा ठरलेला रिवाज आहे, तो राहू दे. आभाराचं कोकणी "देव बरें करूं" लिहावंसं वाटेल, पण ते समोर भेटल्यावर म्हण; तोंडून जास्त गोड लागतं.

मेल आदेश हातात आल्यावरच पाठव, कुजबुजीवर नको. शाखेतल्या कुणाला सीसी करू नकोस, नाहीतर कौतुक त्यांच्यासाठी न राहता इतरांना दाखवण्यासाठी होतं.

बदलीचा अर्ज, सर नव्या खुर्चीत दोन-तीन आठवडे रुळल्यावर, वेगळा दे: शाखा व्यवस्थापकांमार्फत, विषयात "बदलीसाठी विनंती", आत कर्मचारी क्रमांक, सध्याच्या शाखेतली वर्षं आणि फोंडाच का याचं एक खरं कारण. त्यात मार्चच्या रात्रीचा उल्लेख चुकूनही नको.