बारा वर्षांचा मुलगा, तालीम आणि यूट्यूब चॅनेल

"मॅडम, मुलगा बारा वर्षांचा, सातवीत आहे. कुस्तीच्या तालमीतले व्हिडिओ टाकायला त्यानं जन्मसाल खोटं घालून चॅनेल काढलंय. चाळीसेक व्हिडिओ झालेत. बंद केलं तर रुसतोय, चालू ठेवलं तर भीती वाटते. काय करू?"

ताई, ते खातं बंदच करावं लागेल. भारतात स्वतःचं गूगल खातं चालवायला 13 वर्षं पूर्ण लागतात. खोट्या सालामुळे यूट्यूब त्याला मोठा माणूस समजतं आणि लहान मुलांसाठीची संरक्षणं लागूच होत नाहीत. वय उघड झालं तर खातं नियमात बसवायला सहसा 14 दिवस मिळतात, मग ते बंद होतं. म्हणून व्हिडिओ आधी उतरवून घ्या. पालकांच्या देखरेखीचं खातं उघडून भागणार नाही, त्यावरून व्हिडिओ टाकता येत नाहीत.

चॅनेल तुमच्या खात्यावर उघडा. पण थेट तुमच्या नावानं नको. youtube.com/channel_switcher इथं "Create a channel" निवडून वेगळ्या नावाचं काढा, म्हणजे पुढं मालकी बदलता येते. पासवर्ड तुमच्याकडेच राहू दे. चित्रीकरण, एडिटिंग, मथळा हे त्यानं करावं. अपलोड तुम्ही करा, आधी "Private" ठेवून, पूर्ण पाहून, मगच खुला करा. कमेंट बंद ठेवा. लाइव्ह नकोच: 16 वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस पडद्यावर दिसलं पाहिजे, असा नियम आहे.

अपलोड करताना "Made for kids" विचारतात, तिथं बरेच पालक चुकतात. व्हिडिओत मूल आहे एवढ्यावरूनच ते ठरत नाही, तो मुख्यतः मुलांसाठी बनवलाय का, हे पाहायचं. मोठ्या कुस्तीशौकिनांसाठी डाव समजावणारा व्हिडिओ असेल तर "नाही" म्हणा.

मला खरी काळजी तालमीची वाटते. लंगोटातली मुलं आपल्याला लाल मातीतले पैलवान दिसतात, पण असे व्हिडिओ वाईट नजरेची माणसं शोधून पाहतात. एखाद्या साध्या सरावाच्या व्हिडिओला अचानक अनोळखी प्रेक्षक वाढले, किंवा कमेंट चालू राहिल्या असतील आणि त्यात व्हिडिओतल्या नुसत्या वेळा (2:14, 3:05) लिहिलेल्या दिसल्या, की तो तिथंच काढा. जुने चाळीसही याच नजरेनं तपासा. नवे व्हिडिओ टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालूनच करू दे. व्हिडिओत त्याच्याशी लढणाऱ्या मुलाच्या आईवडिलांची लेखी परवानगी घ्या आणि वस्तादांना आधी विचारा. तालमीचं नाव आणि सरावाची वेळ व्हिडिओत येऊ देऊ नका, कारण मूल रोज त्याच वेळी तिथं सापडतं.

पैशाचं त्याला आत्ताच सांगून ठेवा: जाहिरातींचे पैसे ज्यातून मिळतात त्या ॲडसेन्सला 18 वर्षं लागतात, त्यामुळे पैसे आले तर तुमच्या नावावर येतील.

13 पूर्ण झाल्यावर त्याच्या स्वतःच्या खात्याला चॅनेलचा मालक म्हणून जोडता येईल. मुख्य मालकी द्यायला त्यानंतर किमान 7 दिवस थांबावं लागतं. ती मात्र अठरापर्यंत तुमच्याकडेच ठेवा.