व्हिस्कीत पाण्याचे चार थेंब टाकल्यावर वास खुलतो तो का?

प्रश्न: काही जण महागड्या व्हिस्कीत मुद्दाम चार थेंब पाणी किंवा बर्फाचा एकच खडा टाकतात आणि म्हणतात की वास खुलतो. पाणी घातलं तर वास उलट फिका पडायला हवा ना? की हे नुसतं स्टाइल मारणं आहे?

उत्तर:

मी फ्लेवरच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर वास घेणं हाच धंदा आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत हमखास निघतो. स्टाइलचा भाग थोडा आहे, पण मूळ गोष्ट खरी आहे.

तुमचा हिशोब ग्लासात एकूण किती वासाचे रेणू आहेत याचा आहे. नाकाला त्या हिशोबाशी घेणं नाही. द्रवाच्या पृष्ठभागावरून उडून जे हवेत येतात तेवढेच रेणू नाकाला कळतात. ग्लासाच्या पोटात बसलेला रेणू असून नसल्यासारखा.

आता धुरकट व्हिस्की घ्या. तिचा जो चुलीच्या धुरासारखा वास येतो, त्यात ग्वायाकॉल नावाच्या रेणूचा मोठा वाटा असतो. बार्ली वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीत साचलेली कुजक्या वनस्पतींची माती, जाळतात, त्या धुरातून तो धान्यात उतरतो. या रेणूची पाण्याशी फारशी मैत्री नाही, अल्कोहोलशी मात्र घट्ट आहे. अल्कोहोल जाईल तिकडे तो जातो. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी २०१७ साली पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल एवढ्या तिघांचंच मिश्रण संगणकावर उभं करून हे तपासलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ते पृष्ठभागाकडे गर्दी करतं आणि ग्वायाकॉलही त्याच्यासोबत वर येतो. ५९ टक्के किंवा त्याहून जास्त झालं की अल्कोहोल सगळ्या द्रवात पसरलेलं असतं, मग ग्वायाकॉलला वर यायचं कारणच उरत नाही, तो आतच रमतो. पाणी घातलं की तो वर ढकलला जातो, तो असा. खऱ्या व्हिस्कीत शेकडो रेणू असतात आणि सगळे ग्वायाकॉलसारखे वागत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरं कारण याहून साधं आहे, आणि माझ्या मते ग्लासावर वाकणाऱ्याला तेच आधी जाणवतं. कडक व्हिस्कीतून अल्कोहोलची वाफ इतकी येते की नाकात झोंबतं. झोंबणं हा वास नव्हे, ती मिरचीसारखी जळजळ. ती चालू असेपर्यंत बाकीचे नाजूक वास ओळखू येत नाहीत, आणि दोन-तीन खोल श्वास घेतले की नाक बधिर होतं ते वेगळंच. पाण्याने जळजळ कमी झाली की मागचे वास पुढे येतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉनची ‘पीटेड सिलेक्ट कास्क’ ५५.५ टक्क्यांची आहे. ३० मिली ओतली तर त्यात साधारण साडेसोळा मिली निव्वळ अल्कोहोल. आधी तशीच हुंगा, ग्लास हनुवटीजवळ ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून. मग औषधाच्या चमच्याने ५ मिली पाणी घाला. आता ती साडेसत्तेचाळीस टक्क्यांवर आली. हलकेच फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा हुंगा. अजून २ मिली घातलं की ४५. माझ्या नाकाला इथे धूर सगळ्यात स्पष्ट येतो आणि त्याच्यामागचा गोडवाही सापडतो. तुमचं नाक एखाद-दुसऱ्या मिलीवर वेगळं बोलेल, त्यावर वाद घालू नये.

पुढे जात राहिलात तर गाडी उलटी फिरते. २० मिली पाणी घातलं की ३३ टक्के होते, आणि तेव्हा तुमची शंका खरी ठरते: वास फिका, चव पाणचट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०२३ साली २५ व्हिस्की घेऊन हेच पाहिलं. पाण्याचं प्रमाण एकूण पेयाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत असताना हुंगणाऱ्यांना एका प्रकारातल्या व्हिस्की एकमेकींपासून ओळखता येत होत्या. त्यापुढे त्या सारख्या वाटू लागल्या. पाचवा हिस्सा म्हणजे ३० मिलीच्या पेगला साडेसात मिली.

आता चार थेंबांची गोष्ट, जिथे मी थोडा विरस करणार आहे. ड्रॉपरचे चार थेंब म्हणजे जेमतेम ०.२ मिली. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात. ३० मिलीत एवढं पाणी घातलं तर ती होते ४२.५. म्हणजे काहीच नाही. कारखान्यात बाटली भरण्याआधीच त्यात पाणी घालून ती इथवर आणलेली असते, खुलायचं ते बरंचसं आधीच खुललेलं असतं. ड्रॉपर शोभतो तो पन्नासच्या वरच्या बाटलीला, तोही थेंब न मोजता अर्धा-अर्धा चमचा घातला तर. बाकी ठिकाणी जो फरक वाटतो तो बहुधा ग्लास फिरवल्याचा आणि लक्ष देऊन हुंगल्याचा असतो.

बर्फाचं गणित वेगळं आहे, कारण तो एकाच वेळी दोन उलट कामं करतो. थंडीने सगळेच वास दबतात, आणि वितळलेलं पाणी खुलवतं. एरवी मी बर्फाच्या बाजूने नाही. पण मे महिन्यात नागपुरात रात्री खोली ३४ अंशांवर असते. २० अंशांच्या तुलनेत तिथे अल्कोहोलची वाफ दुपटीहून जास्त निघते, आणि ग्लास तोंडाशी नेला की फक्त स्पिरिट येतं. अशा वेळी एक खडा खरंच कामाचा.

समजा ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग आणि ट्रेमधला साधारण २० ग्रॅमचा खडा. पूर्ण वितळू दिला तर पेय शून्याच्या आसपास जातं आणि ३२ टक्क्यांवर येतं, म्हणजे गार आणि पाणचट दोन्ही. त्याऐवजी अर्धा वितळला की चमच्याने काढून टाका. पेय साधारण १४-१५ अंशांवर आणि ३७ टक्क्यांच्या जरा खाली असेल. लगेच हुंगलंत तर निराशा होईल. ग्लास तळहातात धरून गप्पा मारा, पाच-दहा मिनिटांत ते विशीकडे सरकतं आणि तेव्हा वास येतो. लोक म्हणतात ‘बर्फाने खुलली’, पण खुलते ती बर्फ काढून घेतल्यानंतर.

पाणी फिल्टरचं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन धुरकट व्हिस्कीतल्या ग्वायाकॉलसारख्या फिनॉलांशी जुळलं की दवाखान्यासारखा वास येऊ शकतो. पाणी किंवा बर्फ घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका, लांब साखळीचे एस्टर नावाचे रेणू पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ते दिसतात. ४६ टक्के आणि वरच्या, थंड करून न गाळलेल्या बाटल्यांत हे जास्त होतं. आणि बर्फाचा ट्रे झाकलेला असू द्या. आमच्या घरी एकदा तो उघडाच सुरमईच्या पिशवीशेजारी होता. पाहुण्यांनी ‘यात समुद्राचा वास येतोय, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आहे का’ असं फार कौतुकाने विचारलं होतं.