लेबलवर 'अथणी' छापायला लाजू नका

प्रश्न: "अथणीच्या कारागिरांकडून चपला घेऊन ऑनलाइन विकतो. लेबलवर 'अस्सल कोल्हापुरी' लिहिलं तर चालेल का? कुणी विचारलं तर कोणते कागद दाखवायचे?"

चालेल, पण पुढे सांगतो ते कागद हवेत. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव आठ जिल्ह्यांचं आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्या कर्नाटकाच्या बाजूचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. २०१९ मध्ये मिळालेली भौगोलिक मानांकनाची नोंद महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन्ही सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं, म्हणून तिथला माल 'कोल्हापुरीसारखा' नाही, तो कोल्हापुरीच आहे. हे मी ठासून लिहितोय, कारण याच एका गोष्टीवरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालला आहे.

आमचं दुकान निपाणीत. माल अथणीकडचा, घेणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. लेबल काकांनी छापून घेतलेलं: 'कोल्हापुरात हाताने बनवलेली, शंभर टक्के नैसर्गिक पद्धतीने कमावलेलं चामडं.' मी म्हणायचो, काका, अथणी लिहू या. ते म्हणायचे, "अथणी कुणाला ठाऊक आहे? गिऱ्हाईक कोल्हापूर बघून पैसे देतं."

मग पुण्याच्या एका दुकानदाराकडे १८० जोड गेले. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. एका ग्राहकाने पट्ट्याच्या कापलेल्या कडेचा फोटो पाठवला होता. वरून तपकिरी रंग, मधोमध निळसर राखाडी रेघ. हिरडा-बाभळीत कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं, अशी निळसर छटा क्रोमच्या क्षारांत कमावलेल्या चामड्यात दिसते. शिवाय ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माल अथणीहून चढल्याची नोंद, आणि लेबलवर कोल्हापूर. त्याने दोनच गोष्टी मागितल्या: कोल्हापुरात बनल्याचा पुरावा आणि चामड्याचं बिल. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

त्या रात्री मी परत आलेल्या एका जोडाच्या तळाची आणि पट्ट्याची बोटभर पट्टी कापली आणि पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून दोन्ही त्यात टाकल्या. तळाची पट्टी मिनिटभरात आक्रसली, वाकडी झाली, गार झाल्यावर कडक. पट्ट्याची पट्टी होती तशीच राहिली. म्हणजे तळ म्हशीच्या, झाडपाल्यात कमावलेल्या चामड्याचा आणि वरचा पट्टा बाजारातल्या क्रोमच्या चामड्याचा. कारागिराने फसवलं नव्हतं. पट्ट्याचं चामडं आम्हीच त्याला पुरवलं होतं, आणि ते कसलं हे आम्ही विचारलंच नव्हतं. १८० पैकी १३० जोड परत आले.

मला आजही सलतं ते हे, की 'कोल्हापुरी' हा शब्द पहिल्यापासून खरा होता. त्याला टेकू म्हणून जोडलेली दोन्ही वाक्यं खोटी निघाली आणि त्यांच्यासोबत खऱ्या शब्दावरचाही विश्वास गेला. 'कोल्हापुरी' हे मालाचं नाव आहे, 'कोल्हापुरात बनवलेली' हे जागेबद्दलचं विधान आहे. पहिलं बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला लागू होतं, दुसरं होत नाही.

आता तुमच्या कागदांकडे येतो. नोंद झालेलं नाव वापरण्याचा हक्क मूळ मालक संस्थांचा आणि 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदलेल्यांचा असतो. तुमच्या कारागिराची तशी नोंद आहे का हे आधी विचारा. असेल तर प्रमाणपत्राची प्रत आणि त्याच्याकडून माल घेतल्याचं बिल एकत्र ठेवा. अशा माणसाकडून रीतसर घेतलेला माल, त्यात काही बिघाड न करता, त्याच नावाने पुढे विकता येतो. नोंद नसेल तर लिडकरकडे जाऊन चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयासाठीचा, अधिकृत वापरकर्ता होण्याचा जीआय-३ अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. कायद्यात 'उत्पादक' या शब्दात हस्तकलेच्या मालाचा व्यापार करणाराही येतो, म्हणून तुम्ही स्वतःचाही अर्ज विचारात घ्या. हे मानांकन खोटेपणाने लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे, तेव्हा हा भाग टाळू नका.

पण प्रमाणपत्र माणसाचं असतं, जोडाचं नाही. त्या प्रसंगानंतर मी लॉटची वही सुरू केली. प्रत्येक लॉटला एक नंबर. त्यापुढे तारीख, कारागिराचं नाव आणि गाव, सरकारने कारागिराला दिलेलं पहचान कार्ड असेल तर त्याचा नंबर, किती जोड, तळाच्या चामड्याच्या बिलाचा नंबर आणि पट्ट्याच्या चामड्याचा वेगळा. हे दोन नंबर वेगळे लिहिणं मी महागात शिकलो. कारागिराकडे छापील बिलबुक नसतं, म्हणून आपण खरेदीचं वाउचर करायचं आणि त्यावर त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. दोन्ही चामड्यांची एकेक पट्टी लॉटचा नंबर बांधून पिशवीत ठेवतो, जोडाच्या आतल्या बाजूला तोच नंबर लिहितो. तक्रार आली की जोड, पट्टी आणि बिल समोरासमोर ठेवता येतं.

वही सोसेल एवढंच लिहा. आमच्या एका कारागिराच्या घरातून आठवड्याला वीस-बावीस जोड निघतात. माझ्याच वहीत एकदा त्याच्या नावावर आठवड्यात साठ दिसले. विचारलं तर त्या घरच्या अक्का म्हणाल्या, "शेजारच्यांचेही यातच घातले." शेजारी चांगलेच कारागीर होते, तरी मी ते चाळीस काढून त्यांच्या नावावर वेगळा लॉट केला. तपासणारा माणूस आधी अशीच बेरीज करतो.

'हस्तनिर्मित' हा मोघम शब्द मी टाकून दिला. वेणी हाताने विणलेली आणि तळ चामड्याच्या वादीने हाताने शिवलेला असेल तर तसंच लिहितो. कुठे मशीनची शिलाई असेल तर तीही लिहितो. आमचं आजचं लेबल असं आहे: 'कोल्हापुरी चप्पल. बनवण्याचं ठिकाण: अथणी तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक. तळ: म्हशीचं, हिरडा-बाभळीत कमावलेलं चामडं. पट्टा: क्रोम चामडं.' शेवटची ओळ वाचून काका दोन दिवस बोलले नाहीत.

उकळत्या पाण्याची परीक्षा घरगुती आहे. दोन्ही पद्धतींनी मिळून कमावलेलं चामडं तिला चकवतं, आणि कोर्टात ती पुरावा म्हणून टिकणार नाही. मोठी ऑर्डर किंवा निर्यात असेल तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. मी वकील नाही, कलमं एकदा जाणकाराला दाखवून घ्या. मानांकन असलं म्हणजे चप्पल टिकाऊच, असंही गिऱ्हाइकाला सांगू नका.

पुण्याच्या त्या दुकानदाराने सहा महिन्यांनी चाळीस जोड मागवले आणि लॉटच्या पानाचा फोटो मागितला. मी पाठवला. तो त्याने दुकानात चपलांशेजारी लावलाय, अथणी हे नाव गोल करून. काकांना मी तो फोटो दाखवला. "बेळगावही मोठं लिहायला हवं होतं," एवढंच म्हणाले.