घरातल्या पोर्ट्रेटमधले दाणे: आधी खुर्ची हलवा

प्रश्न: घरात आईचे फोटो काढतो, ५० एमएम लेन्स आहे, पण फोटोत दाणे येतात आणि नॉइज काढला की चेहरा मेणासारखा दिसतो. कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

सॉफ्टवेअर नंतर बघू, आधी आईंची खुर्ची खिडकीजवळ घ्या. दाणे येतात कारण सेन्सरपर्यंत प्रकाशच कमी पोचतो, आणि नॉइज काढणाऱ्या टूलला दाणा कुठला आणि पापणीचा केस कुठला हे नीट कळत नाही, म्हणून ते दोन्ही पुसतं आणि चेहरा गुळगुळीत होतो.

समजा आई खिडकीपासून आठ फुटांवर बसल्यात आणि एफ २.८, १/१२५ ला आयएसओ ३२०० लागतोय. त्यांना तीन फुटांवर आणलं की बऱ्याचदा तेच सेटिंग आयएसओ ८०० वर बसतं, आणि आयएसओ कमी म्हणजे दाणेही कमी. शटर १/६० वर आणून आयएसओ वाचवू नका, मान जराशी हलली तरी फोटो ब्लर होतो आणि तो ब्लर नंतर निघत नाही. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर एका गालावर एक रंग आणि दुसऱ्यावर भलताच. चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशात वळवा आणि जवळच्या डोळ्यावर फोकस करा, डोळ्यात खिडकीचा चौकोन चमकला की जागा बरोबर आहे.

आता खरी गोम. नॉइज जास्त दिसतो तो चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला, आणि तीच बाजू आपण एडिटिंगमध्ये शॅडोज वाढवून वर ओढतो, मग तिथे दाणेच दाणे. म्हणून त्या बाजूला दोन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट खिडकीकडे तोंड करून उभी करा (स्टेशनरीच्या दुकानात मिळते). ती हळूहळू जवळ आणत जा आणि कॅमेऱ्यात न बघता नुसत्या डोळ्यांनी गालाकडे बघा, सावली उजळताना सरळ दिसते. थोडी सावली राहू द्या, नाहीतर चेहरा सपाट होतो. शीट खालून धरू नका, हनुवटी आणि नाकपुड्या उजळून चेहरा विचित्र दिसतो. अॅल्युमिनियम फॉइल मी टाळतो, त्वचेवर चट्ट्यासारखी चमक येते.

डिफ्यूजर मात्र थेट ऊन आत येत असेल तरच लावा. काचेवर बटर पेपर किंवा पातळ पांढरा पडदा पुरतो, उन्हाच्या कडक कडा मऊ होतात, पण प्रकाशही साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा होतो. ढगाळ दिवशी किंवा उत्तरेच्या खिडकीला तो लावलात तर आयएसओ उगाच दुप्पट होईल, कारण तिथे प्रकाश आधीच मऊ असतो.

फोटो काढल्यावर १०० टक्के झूम करून सावलीतल्या डोळ्याच्या पापण्या बघा. केस वेगवेगळे दिसत असतील तर नॉइज रिडक्शन शून्यावर ठेवलं तरी चालतं, चिकटलेले दिसले तर शटर आणि फोकस तपासा, आणि दाण्यांत हरवलेले असतील तर शीट अजून जवळ आणा.